‘गो टू स्कूल’ की ‘गो टू द स्कूल’? नियम पाठ असूनही पुन्हा पुन्हा होणारी चूक

मराठी माणसाच्या इंग्रजी लिखाणात ‘द’चा घोळ दोन उलट्या दिशांनी होतो. एकीकडे ‘आय वेंट टू बँक’, ‘शी वेंट टू टेंपल’, ‘वी वेंट टू स्टेशन’ अशी ‘द’ गळालेली वाक्यं असतात. दुसरीकडे ‘आय वेंट टू द बेड ॲट टेन’, ‘माय सन गोज टू द स्कूल’, ‘ही केम टू द होम’ अशी नको तिथे ‘द’ चिकटलेली वाक्यं असतात. दोन्ही प्रकार बहुतेक वेळा एकाच माणसाच्या एकाच पानावर सापडतात. त्या माणसाला नियम विचारला तर तो बिनचूक म्हणून दाखवतो: जागा ज्या कामासाठी बांधली आहे त्याच कामासाठी गेलं तर ‘द’ नाही, दुसऱ्या कामासाठी गेलं तर ‘द’ लावायचा.

हा नियम खोटा नाही, पण अर्धा आहे. बँक पैशांच्या व्यवहारासाठी असते आणि आपण तिथे पैसे भरायलाच जातो, म्हणजे नियमाप्रमाणे ‘गो टू बँक’ बरोबर ठरायला हवं. ते चूक आहे. वाचनालयात पुस्तक बदलायला गेलो तरी ‘गो टू द लायब्ररी’ म्हणायचं. गाडी पकडायला गेलो तरी ‘गो टू द स्टेशन’, सिनेमा बघायला गेलो तरी ‘गो टू द सिनेमा’, पत्र टाकायला गेलो तरी ‘गो टू द पोस्ट ऑफिस’. यातल्या प्रत्येक ठिकाणी हेतू तंतोतंत जुळतो आणि तरीही ‘द’ लागतो.

कारण हेतूचा नियम डझन-दीड डझन शब्दांपुरताच आहे. शिकवताना नियम सांगितला जातो, यादी राहून जाते. मग शिकणारा तो नियम दिसेल त्या इमारतीला लावत सुटतो.

यादी आधी, हेतू नंतर

रोज लागणारे शब्द एवढेच आहेत: स्कूल, कॉलेज, युनिव्हर्सिटी, क्लास, हॉस्पिटल, प्रिझन, जेल, कोर्ट, चर्च, बेड, टाउन, सी, वर्क आणि होम. ‘सी’ म्हणजे समुद्र, पण खलाशी म्हणून जहाजावर जाण्याच्या अर्थाने. ‘होम’चा तर ‘टू’सुद्धा गळतो, त्याकडे पुढे येऊ. यादीबाहेरच्या ठिकाणाला हेतू विचारायचाच नाही. बँक, मार्केट, ऑफिस, लायब्ररी, टेंपल, स्टेशन, एअरपोर्ट, थिएटर, पार्क, जिम, दुकान, गॅरेज या सगळ्यांना ‘द’ लावायचा, किंवा ठिकाण ऐकणाऱ्याला अगदीच नवं असेल तर ‘अ’. मोकळं मात्र सोडायचं नाही.

इंग्रजीने हेच शब्द का निवडले, याला तर्काचं उत्तर शोधू नये. मराठीतच बघा. आपण म्हणतो ‘पोराला शाळेत घातलं’. ‘कॉलेजात घातलं’ हेही चालतं. पण ‘पोराला बँकेत घातलं’ असं कुणी म्हणत नाही, तिथे ‘बँकेत लावलं’ किंवा ‘चिकटवलं’ म्हणतात. तसंच ‘तो तीन महिने आत होता’ म्हटलं की ऐकणाऱ्याला तुरुंगच कळतो, वाचनालय नाही. ही ठरून गेलेली जोडणी आहे. वापरून वापरून पक्की झालेली, नव्या शब्दाला सहजासहजी आत न घेणारी. ‘गो टू स्कूल’, ‘इन प्रिझन’, ‘इन बेड’ याच जातीचे प्रयोग आहेत. यांत स्कूल हे इमारतीचं नाव उरत नाही, ‘गो टू स्कूल’ हे अख्खं मिळून एका क्रियापदासारखं वागतं: शिकणे. ‘गो टू बेड’ म्हणजे झोपणे, ‘गो टू प्रिझन’ म्हणजे शिक्षा भोगणे, ‘गो टू कोर्ट’ म्हणजे दावा लावणे.

त्यामुळे यादीतल्या शब्दाची चाचणी मराठीतच उरकता येते. ठिकाणाचं नाव काढून त्या जागी क्रिया घाला. ‘बंड्या शाळेत जातो’ याऐवजी ‘बंड्या शिकतो’ म्हटल्यावर अर्थ टिकला, तर ‘द’ नको. ‘बंड्याचे बाबा शाळेत गेले’ याऐवजी ‘बाबा शिकायला गेले’ म्हणून बघा, वाक्य हास्यास्पद होतं. तिथे ‘द’ हवा. आता उलटं बघा, ‘शाळेत’ऐवजी ‘शाळेच्या आवारात’ घाला. ‘बाबा शाळेच्या आवारात गेले’ हे नीट बसतं, म्हणजे इथे स्कूल ही जागा आहे.

कधी दोन्ही वाक्यं बसतात. अशा वेळी दोन्ही रूपं बरोबर असतात, फक्त अर्थ वेगळे. ‘शी इज स्टिल ॲट स्कूल’ म्हणजे ती अजून शाळकरी वयात आहे, किंवा तिचा आजचा वर्ग अजून सुटलेला नाही. ‘शी इज स्टिल ॲट द स्कूल’ म्हणजे ती अजून त्या इमारतीत आहे, मग ती पालक असो, रंगारी असो किंवा स्नेहसंमेलनाचा मंडप घालणारी असो.

माणूस विद्यार्थी आहे की नाही यावर मात्र हे ठरत नाही. रविवारी त्याच शाळेच्या मैदानावर क्रिकेट खेळायला गेलेला विद्यार्थी ‘वेंट टू द स्कूल टू प्ले क्रिकेट’. त्या वेळी तो विद्यार्थी म्हणून गेलेला नाही.

‘कोणती बँक?’ हा प्रश्न आड येतो

‘द’ गळण्याचं दुसरं कारण आपल्या शिकण्यात आहे. ‘द’ म्हणजे ‘तो, ती, ते’, ठरावीक वस्तू, असं आपण शिकलेलो असतो. मग ‘आय वेंट टू द बँक’ लिहिताना मन अडतं: कोणती बँक ते तर सांगितलंच नाही, मग ‘द’ कसा लावू? आणि ‘अ बँक’ लिहिलं तर रस्त्यात दिसेल त्या बँकेत शिरल्यासारखं वाटतं. या अडचणीतून सुटका म्हणून माणूस काहीच लिहीत नाही.

इथे लक्षात ठेवायचं ते एवढंच की ठिकाणांच्या बाबतीत ‘द’ बऱ्याचदा कुठलीच ठरावीक जागा दाखवत नाही. ‘माय ब्रदर वेंट टू द बँक अँड सो डिड माय सिस्टर’ या वाक्यात भाऊ एका बँकेत आणि बहीण दुसऱ्याच बँकेत गेली असली तरी वाक्य खरं ठरतं. ‘गो टू द डॉक्टर’, ‘गो टू द डेंटिस्ट’, ‘गो टू द सिनेमा’, ‘टेक द ट्रेन’ हे सगळे असेच. या ‘द’चा अर्थ ‘ती बँक’ असा न घेता ‘बँकेचं काम उरकायला’ असा घ्यावा. मराठीत ‘मी बँकेत जाऊन येतो’ म्हणताना आपण बँकेचं नाव सांगत नाही आणि घरातलं कुणी विचारतही नाही, तोच हा प्रकार.

म्हणजे इंग्रजीत ‘नेहमीचं काम उरकायला जाणं’ दोन तऱ्हांनी सांगतात. यादीतले थोडे शब्द ते ‘द’शिवाय सांगतात, बाकीचे सगळे ‘द’ लावून. कोणता शब्द कुठे पडतो हे अर्थावरून कळत नाही, यादीवरूनच कळतं. म्हणून यादी पाठ हवी.

भूमिका कुणाची? इथे खरी मेख आहे

हेतूच्या नियमात आणखी एक फट आहे. ‘जागेचं मुख्य काम’ म्हटलं की त्या कामात सामील असलेले सगळेच आले असं वाटतं. इस्पितळाचं मुख्य काम उपचार. डॉक्टर तिथे उपचारच करतो. मग ‘द डॉक्टर इज इन हॉस्पिटल’ बरोबर का नाही?

व्याकरणाने वाक्य बरोबर आहे, पण त्याचा अर्थ डॉक्टरच आजारी पडून दाखल झाला आहे असा होतो. ‘इन हॉस्पिटल’ फक्त रुग्णासाठी आहे. डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, भेटायला आलेले नातेवाईक, कँटीन चालवणारा, यांतला कुणीही असो, तो ‘ॲट द हॉस्पिटल’. मराठीत हा फरक आपण ‘ॲडमिट’ शब्दाने करतो. ‘काका हॉस्पिटलमध्ये आहेत’ ऐकल्यावर आपण लगेच विचारतो, ‘ॲडमिट आहेत का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ‘इन हॉस्पिटल’. ‘नाही, मावशीला बघायला गेलेत’ असं असेल तर ‘ॲट द हॉस्पिटल’. सगळ्या चाचण्यांत ही सर्वांत भरवशाची.

तुरुंगाचंही तसंच. ‘इन प्रिझन’ फक्त कैदी. जेलर वीस वर्षं तिथे नोकरी करत असला तरी तो ‘वर्क्स ॲट द प्रिझन’. ‘ही स्पेंट ट्वेंटी इयर्स इन प्रिझन’ असं त्याच्या निरोपाच्या भाषणात कुणी म्हटलं, तर सभागृहात हशा पिकेल. वकील अशिलाला भेटायला गेला तर ‘वेंट टू द प्रिझन’. अशिलाला शिक्षा झाली तर ‘वेंट टू प्रिझन’. परीक्षेत रिकाम्या जागा भरायला हीच जोडी वारंवार येते. पुढे ‘टू व्हिजिट हिज ब्रदर’ किंवा ‘टू रिपेअर द रूफ’ असा तुकडा दिसला की भूमिका बदलली असं समजावं. तो तुकडा मुद्दाम ठेवलेला असतो.

शाळा मात्र थोडी सैल आहे. शिक्षिकेबद्दल ‘शी इज ॲट स्कूल टिल फाइव्ह’ म्हटलं तर चालतं, कारण शाळेचा दिवस तिचाही असतो. पण शाळेत वीज दुरुस्त करायला आलेला माणूस ‘ॲट द स्कूल’च राहतो. कोर्ट त्याहून सैल: न्यायाधीश, वकील, वादी, प्रतिवादी, साक्षीदार, सगळेच ‘इन कोर्ट’ असतात, कारण सुनावणी सगळ्यांची मिळून चालते. कोर्टाच्या इमारतीसमोर चहाची टपरी असेल तर ती मात्र ‘निअर द कोर्ट’. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या म्हणीतली पायरी दगडाची नसते. ते ‘गो टू कोर्ट’ आहे, ‘द’शिवायचं. ‘टेक समवन टू कोर्ट’ म्हणजे कोर्टात खेचणे.

चर्चमध्येही तसंच. वसईतलं किंवा गोव्यातलं कुटुंब रविवारी प्रार्थनेला जातं ते ‘गो टू चर्च’. जुन्या गोव्यातलं बॉम जीझस बॅसिलिका बघायला, तिथे ठेवलेलं सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव पाहायला आलेला पर्यटक ‘वेंट टू द चर्च’. मंदिराला मात्र हा मान प्रमाण इंग्रजीत मिळालेला नाही. दर्शनाला गेलं तरी ‘गो टू द टेंपल’, नमाजाला गेलं तरी ‘गो टू द मॉस्क’. परदेशात राहणाऱ्या हिंदू कुटुंबांच्या बोलण्यात ‘गो टू टेंपल’ ऐकू येतं, ज्यू लोकही आपल्या प्रार्थनास्थळाबद्दल तसं बोलतात. यादीत नवा शब्द शिरू पाहतोय असं म्हणता येईल. परीक्षेत आणि अर्जात मात्र ‘द’ ठेवावा.

एक अर्ज, आठ दुरुस्त्या

दहावीतल्या मुलाने वर्गशिक्षकांना लिहिलेला रजेचा अर्ज घेऊ. अशा अर्जांत नेहमी दिसणाऱ्या चुका इथे एकत्र केल्या आहेत.

‘आय कुड नॉट कम टू द स्कूल ऑन मंडे. माय ग्रँडफादर इज इन द हॉस्पिटल. आय वेंट टू हॉस्पिटल विथ हिज टिफिन. ऑन द वे आय वेंट टू बँक अँड टू मेडिकल. आय रीच्ड टू द होम ॲट टेन अँड वेंट टू द बेड. ऑन ट्यूसडे माय फादर केम टू स्कूल टू मीट यू.’

पहिलं वाक्य. स्कूल यादीत आहे, मुलगा शिकायला येणार होता. ‘द’ काढा: ‘कम टू स्कूल’. शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही ही कोणती शाळा ते माहीत आहे, म्हणून ‘द’ लावावासा वाटतो. पण मुलाला इमारतीबद्दल काही सांगायचं नाही, तो हजेरीबद्दल बोलतोय.

दुसऱ्यात आजोबा दाखल आहेत, म्हणून ‘इन हॉस्पिटल’. तिसऱ्यात नातू डबा घेऊन गेला. तो रुग्ण नाही, म्हणून ‘टू द हॉस्पिटल’. मुलाने नेमकं उलटं लिहिलं आहे, आणि ते अपघाताने घडलेलं नाही. ‘आजोबा ज्या इस्पितळात आहेत ते’ ठरावीक वाटलं म्हणून तिथे ‘द’ आला, आणि स्वतःचं जाणं हे नुसतं जाणं वाटलं म्हणून तिथला गेला. दोन्हीकडे त्याने ‘कोणतं?’ असं विचारलं, ‘कोण म्हणून?’ असं विचारायला हवं होतं.

चौथ्यात बँक यादीबाहेर, म्हणून डोळे झाकून ‘द बँक’. ‘मेडिकल’ हा औषधाच्या दुकानाला आपण दिलेला शब्द. इंग्रजीत ‘अ मेडिकल’ म्हणजे वैद्यकीय तपासणी. त्यामुळे इथे ‘द केमिस्ट्स’ लिहावं. ‘ऑन द वे’मधला ‘द’ जिथल्या तिथे बरोबर आहे, दुरुस्तीच्या भरात तो उडवू नये.

पाचव्यात दोन चुका. ‘रीच’ला ‘टू’ लागत नाही आणि ‘होम’ला ‘टू’ही नको नि ‘द’ही नको: ‘रीच्ड होम’. पुढे ‘वेंट टू बेड’. ‘वेंट टू द बेड’ म्हणजे तो पलंगापाशी चालत गेला. उशीखालची किल्ली काढायला गेला असेल तर वाक्य बरोबर आहे, झोपायला गेला असेल तर नाही.

सहाव्यात वडील शिक्षकांना भेटायला आले. शिकायला आले नाहीत, म्हणून ‘केम टू द स्कूल’.

दुरुस्त अर्ज असा: ‘आय कुड नॉट कम टू स्कूल ऑन मंडे. माय ग्रँडफादर इज इन हॉस्पिटल. आय वेंट टू द हॉस्पिटल विथ हिज टिफिन. ऑन द वे आय वेंट टू द बँक अँड द केमिस्ट्स. आय रीच्ड होम ॲट टेन अँड वेंट टू बेड. ऑन ट्यूसडे माय फादर केम टू द स्कूल टू मीट यू.’

आठ जागा बदलल्या: चार ठिकाणी ‘द’ काढला, चार ठिकाणी घातला. म्हणून ‘शंका आली की द लावा’ किंवा ‘शंका आली की काढा’ यांतला कुठलाही एक तोडगा घेतला असता तर निम्म्या चुका तशाच राहिल्या असत्या.

विशेषण आलं की यादी बंद

यादीतला शब्द मोकळा असतो तो एकटा असतो तोवरच. त्याच्याआधी गुण सांगणारा शब्द आला किंवा मागे खुलासा जोडला की तो पुन्हा साधं नाम होतो आणि त्याला ‘अ’ किंवा ‘द’ लागतो. ‘शी गोज टू स्कूल’, पण ‘शी गोज टू अ गुड स्कूल’. ‘ही वेंट टू कॉलेज’, पण ‘ही वेंट टू द कॉलेज व्हेअर हिज फादर टॉट’. ‘वेंट टू गुड स्कूल’ ही चूक याच सांध्यावर होते. मूळ नियम डोक्यात असतो आणि मध्ये ‘गुड’ शिरलेला लक्षात येत नाही.

याला एक उपअपवाद आहे. गुण न सांगता प्रकार सांगणारा शब्द आला तर ‘द’ची गरज पडत नाही: ‘गो टू प्रायमरी स्कूल’, ‘गो टू नाइट स्कूल’, ‘गो टू मेडिकल स्कूल’. ओळखायचं कसं? त्या शब्दाला ‘व्हेरी’ जोडून बघा. ‘व्हेरी गुड स्कूल’ होतं, म्हणजे तो गुण. ‘व्हेरी प्रायमरी स्कूल’ होत नाही, म्हणजे तो प्रकार.

मागे गावाचं नाव आलं तर काही बिघडत नाही. ‘शी वेंट टू स्कूल इन सातारा’ म्हणजे तिचं शिक्षण साताऱ्यात झालं. ‘शी वेंट टू अ स्कूल इन सातारा’ हेही बरोबर, पण लक्ष शाळेवर जातं, आणि पुढे त्या शाळेबद्दल काही सांगणार असाल तरच ते लिहावं.

वेगळे वागणारे चार शब्द

ऑफिस यादीत नाही, तरी भारतात ‘गो टू ऑफिस’ सर्रास बोललं जातं आणि छापलंही जातं. देशातल्या देशात त्याने काही अडत नाही. अडतं ते ‘इन ऑफिस’ला, कारण प्रमाण इंग्रजीत त्याचा अर्थ पदावर, सत्तेवर असणे असा आहे. ‘द मिनिस्टर इज इन ऑफिस’ म्हणजे मंत्री पदावर आहेत. ‘द मिनिस्टर इज इन द ऑफिस’ म्हणजे आपल्या दालनात बसलेत. परदेशी ग्राहकाला मेल लिहिताना ‘आय विल बी इन ऑफिस टुमॉरो’ लिहिलं, तर उद्या शपथविधी आहे की काय असा वास येतो. ‘द ऑफिस’ लिहा, किंवा ‘ॲट वर्क’ लिहून प्रश्नच मिटवा. ‘वर्क’ यादीत आहे.

मार्केटचं रूप विक्रेता आणि गिऱ्हाईक यांनुसार बदलतं. शेतकरी कांदा लासलगावला विकायला नेतो ते ‘टेक द अनियन्स टू मार्केट’, इथे ‘द’ नाही. पिशवी घेऊन भाजी आणायला निघालेलं कुणीही ‘गोज टू द मार्केट’. ‘गोइंग टू मार्केट, विल बी बॅक बाय सिक्स’ असा निरोप ठेवलात तर तुम्ही माल विकायला निघालात. इंग्रजी वाचणारा अर्थ समजून घेतो, पण खटकतं त्याला.

‘होम’ला ‘गो’, ‘कम’, ‘रीच’, ‘रिटर्न’, ‘ड्राइव्ह’ या क्रियापदांमागे ‘टू’ नको. पण कुणाचं घर ते सांगितलं की ‘रीच’ सोडून बाकीच्यांना ‘टू’ परत येतो: ‘आय वेंट टू हर होम’. स्थिर असेल तर ‘ॲट होम’. ‘हाउस’ मात्र जाण्यायेण्याच्या वाक्यात मोकळा राहत नाही, ‘गो टू हाउस’ कुठल्याच अर्थाने बरोबर नाही.

आणि ‘लीव्ह स्कूल’. आपल्याकडच्या ‘शाळा सोडल्याचा दाखला’ या कागदाच्या इंग्रजी नावात ‘स्कूल लीव्हिंग’ असतं, तेच हे. ‘शी लेफ्ट स्कूल ॲट सिक्स्टीन’ म्हणजे सोळाव्या वर्षी तिचं शालेय शिक्षण थांबलं किंवा संपलं. ‘शी लेफ्ट द स्कूल ॲट फाइव्ह’ म्हणजे पाच वाजता ती इमारतीतून निघाली. एक शाळा सोडून दुसरीत गेली असेल तरीही ‘लेफ्ट द स्कूल’. मराठीत ‘शाळा सुटली’ आणि ‘शाळा सोडली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळा सुटणं इंग्रजीत ‘स्कूल इज ओव्हर’, तेही ‘द’शिवाय, कारण तिथे स्कूल ही वेळ आहे: ‘आफ्टर स्कूल’, ‘बिफोर स्कूल’, ‘स्कूल स्टार्ट्स ॲट सेव्हन’.

ब्रिटिश की अमेरिकन

वर अर्जातलं ‘इन द हॉस्पिटल’ चूक ठरवलं ते ब्रिटिश पद्धतीने. अमेरिकेत रुग्ण असो की पाहुणा, दोघेही ‘इन द हॉस्पिटल’ आणि ‘टू द हॉस्पिटल’. ‘ॲडमिट आहे का’ ही चाचणी तिथे लागू पडत नाही. ‘युनिव्हर्सिटी’चंही असंच. ब्रिटिश माणूस ‘ॲट युनिव्हर्सिटी’ म्हणतो, अमेरिकन बहुधा ‘इन कॉलेज’ म्हणतो, मग ती संस्था विद्यापीठ का असेना. अमेरिकन बोलण्यात ‘इन स्कूल’ म्हणजे सध्या शिकतोय, आणि त्यात विद्यापीठात शिकणारेही येतात. बाकी स्कूल, कोर्ट, प्रिझन, चर्च, बेड यांत दोन्हीकडे एकमत आहे. आपली शालेय पुस्तकं आणि परीक्षा मोठ्या प्रमाणात ब्रिटिश वळणाच्या, म्हणून परीक्षेत ‘इन हॉस्पिटल’ लिहावं. अमेरिकेतल्या विमा कंपनीला पत्र लिहीत असाल तर ‘इन द हॉस्पिटल’. एकाच कागदावर दोन्ही रुग्णासाठी वापरू नये.

संस्थेचं पूर्ण नाव आलं तर

नाव लिहिल्यावर वरची सगळी चर्चा थांबते. तिथे हेतू नाही, भूमिका नाही, फक्त नावाची घडण बघायची. विशेषनाम पुढे आणि ‘कॉलेज’, ‘स्कूल’, ‘युनिव्हर्सिटी’ मागे असेल तर बहुधा ‘द’ नको: ‘शी गोज टू फर्ग्युसन कॉलेज’. मग ती तिथे शिकत असो की नुसता प्रवेशअर्ज आणायला जात असो. नावाच्या मध्ये ‘ऑफ’ असेल तर ‘द’ लागतो. म्हणून एकच संस्था ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ लिहिली तर ‘द’शिवाय आणि ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ लिहिली तर ‘द’सकट. न्यायालयांची नावं वेगळी: ‘द बॉम्बे हाय कोर्ट’, ‘द सुप्रीम कोर्ट’, नेहमी ‘द’ लावून. त्यामुळे ‘दे वेंट टू कोर्ट’ लिहिणाराच पुढच्या ओळीत ‘दे वेंट टू द हाय कोर्ट’ लिहितो, आणि दोन्ही बरोबर असतात. पहिल्यात त्यांनी दावा लावला, दुसऱ्यात कुठे लावला ते सांगितलं.